टी-टेस्ट की काय-स्क्वेअर? आधी मास्टर शीट उघडा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे प्रोजेक्टचं टायपिंग, डेटा एंट्री आणि स्टॅटिस्टिक्सचं काम होतं. चौथं प्रकरण घेऊन येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "सर, टी-टेस्ट लावायची की काय-स्क्वेअर?" उत्तर बहुतेक वेळा "दोन्ही, पण वेगवेगळ्या ऑब्जेक्टिव्हला" असं असतं. कोणत्या ऑब्जेक्टिव्हला कोणती, हे ठरवायला टेस्टची व्याख्या पाठ असण्याची गरज नाही. मास्टर शीटमध्ये एका व्यक्तीपुढे काय लिहिलंय ते बघा, एवढं पुरे.

एक नेहमीचा विषय घेऊ: अंगणवाडीत येणाऱ्या ३० मातांना ओआरएसबद्दल किती माहिती आहे, आणि शिकवल्यावर ती वाढते का. प्रश्नावली २० गुणांची. प्री-टेस्ट, मग स्ट्रक्चर्ड टीचिंग, सात दिवसांनी पोस्ट-टेस्ट. खालचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

मास्टर शीटमध्ये सातव्या मातेची ओळ अशी आहे: शिक्षण नववी, प्री-टेस्ट ८, पोस्ट-टेस्ट १४. यातले ८ आणि १४ हे मोजलेले गुण आहेत. त्यांची बेरीज होते, सरासरी निघते. "नववी" हा मात्र एक गट आहे. त्या गटात किती माता आहेत एवढंच मोजता येतं. तुमचं ऑब्जेक्टिव्ह दोन सरासऱ्यांची तुलना मागत असेल तर टी-टेस्ट. कुठल्या गटात किती जणी, याचा दुसऱ्या एखाद्या गटवारीशी संबंध आहे का, असं विचारत असेल तर काय-स्क्वेअर.

आता पहिलं ऑब्जेक्टिव्ह: शिकवण्याचा परिणाम. इथे दोन्ही वेळा त्याच माता आहेत, म्हणून पेअर्ड टी-टेस्ट. प्रत्येक मातेचा पोस्टमधून प्री वजा करा. सातव्या मातेचा फरक ६ येतो. असे ३० फरक एका रकान्यात मांडले की पुढचं सगळं गणित त्या एकाच रकान्यावर चालतं. प्रीची सरासरी ८.४, पोस्टची १३.९, म्हणजे फरकाची सरासरी ५.५. फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ३.० धरू.

```
t = 5.5 / (3.0 / √30) = 10.04
df = 30 - 1 = 29
```

२९ डिग्री ऑफ फ्रीडमला ०.०५ पातळीवर टेबल व्हॅल्यू २.०४५ आहे. १०.०४ त्याच्या कितीतरी पुढे आहे, म्हणजे गुणांत झालेली वाढ योगायोगाची म्हणता येणार नाही. कंट्रोल ग्रुप नसेल तर ती वाढ फक्त शिकवण्यामुळेच झाली असं मात्र लिहू नका. प्रश्नावली दुसऱ्यांदा पाहिल्यानेही गुण थोडे वाढतात.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पेअर्डऐवजी अनपेअर्डचं सूत्र लावणं. अनपेअर्ड टी-टेस्ट दोन वेगळ्या माणसांच्या गटांसाठी असते, उदाहरणार्थ शिकवलेल्या ३० माता आणि न शिकवलेल्या दुसऱ्या ३०. प्रीचं स्टँडर्ड डेव्हिएशन ३.१ आणि पोस्टचं २.८ धरून वरच्याच डेटाला ते सूत्र लावलं तर टी ७.२१ येतो. निष्कर्ष तोच राहतो म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण वाढ ५.५ ऐवजी १.३ असती, तर पेअर्डने टी २.३७ येऊन फरक लक्षणीय ठरला असता आणि अनपेअर्डने १.७० येऊन ठरला नसता. चूक ओळखायची खूण सोपी आहे: ३० जणींच्या प्री-पोस्टला डिग्री ऑफ फ्रीडम ५८ लिहिलं असेल, तर सूत्र चुकलंय. एक्सेलमध्ये करणार असाल तर शेवटचा आकडा १ हवा:

```
=T.TEST(B2:B31,C2:C31,2,1)
```

हे सूत्र पी व्हॅल्यू देतं, टी नाही. आलेली संख्या टीच्या रकान्यात भरलेले प्रोजेक्ट आम्ही पाहिले आहेत.

दुसरं ऑब्जेक्टिव्ह: प्री-टेस्टमधल्या माहितीचा शिक्षणाशी संबंध. आपण ८ पर्यंत गुण अपुरे, ९ ते १४ मध्यम आणि १५ पासून पुढे चांगले असे तीन स्तर केले, आणि शिक्षणाचे चार गट. तक्त्यात १२ घरं झाली आणि माता फक्त ३०, म्हणजे घरटी सरासरी अडीच. काय-स्क्वेअरला प्रत्येक घरात अपेक्षित संख्या साधारण ५ तरी लागते. लक्षात घ्या, अपेक्षित संख्या, मोजलेली नव्हे. म्हणून गट एकत्र करायचे, पण अर्थ धरून: दहावीपर्यंत आणि दहावीच्या पुढे, अपुरे आणि मध्यम-चांगले.

| शिक्षण | अपुरे | मध्यम-चांगले | एकूण |
|---|---|---|---|
| दहावीपर्यंत | १३ | ५ | १८ |
| दहावीच्या पुढे | ४ | ८ | १२ |
| एकूण | १७ | १३ | ३० |

पहिल्या घराची अपेक्षित संख्या १८ गुणिले १७ भागिले ३०, म्हणजे १०.२. तशाच बाकीच्या ७.८, ६.८ आणि ५.२. मोजलेल्या घरात ४ असले तरी सगळ्या अपेक्षित संख्या ५ च्या वर आहेत, म्हणून टेस्ट चालते. काय-स्क्वेअर ४.४३ येतो. एका डिग्री ऑफ फ्रीडमची टेबल व्हॅल्यू ३.८४१, म्हणजे संबंध दिसतो.

पण एसपीएसएसच्या त्याच तक्त्यात खालची `Continuity Correction` ची ओळ २.९९ दाखवते, आणि `Fisher's Exact Test` ची पी व्हॅल्यू ०.०६ येते. दोन्हींप्रमाणे संबंध सिद्ध होत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: कोणती ओळ वापरणार हे डेटा गोळा करण्याआधी मेथडॉलॉजीत लिहून ठेवा, आणि निकाल असा काठावर असेल तर अहवालातही तसंच लिहा. सोयीची ओळ नंतर निवडणं बरोबर नाही. एखादी अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली, तर मात्र फिशरचीच ओळ घ्या.

तक्त्यात टक्केवारी भरू नका. वरच्याच तक्त्यात ३० माता टक्क्यांत मांडून एकूण १०० केल्या, तर काय-स्क्वेअर ४.४३ वरून जवळपास १४.८ वर जातो. माता तेवढ्याच, पण गणिताला वाटतं १०० आहेत.

अशीच एक चूक प्री-पोस्टमध्ये होते. प्रीमध्ये अपुरे किती, पोस्टमध्ये अपुरे किती, असा तक्ता करून काय-स्क्वेअर लावला जातो. तिथे प्रत्येक माता दोनदा मोजली जाते आणि ३० च्या ६० होतात. काय-स्क्वेअरच्या तक्त्यात एक व्यक्ती एकाच घरात, एकदाच यायला हवी. स्तरांमधला बदलच दाखवायचा असेल तर मॅकनेमार टेस्ट आहे, पण गुण हाताशी असताना ते स्तरांत का बदलायचे?

शेवटी टी-टेस्टची एक मर्यादा. फरकांचा रकाना एकदा डोळ्यांखालून घाला. बऱ्याच जणींना प्री-टेस्टलाच १८-१९ गुण असतील किंवा दोघी-तिघींचेच फरक प्रचंड असतील, तर गाइड मॅडमना विलकॉक्सन टेस्टबद्दल विचारा.

आमच्याकडे येताना ऑब्जेक्टिव्हचं पान आणि मास्टर शीट आणा, आणि शीटमध्ये प्रत्येक मातेचे मूळ गुण असू द्या. फक्त स्तर लिहिलेल्या शीटवरून पेअर्ड टी-टेस्ट काढता येत नाही, आणि त्यासाठी प्रश्नावल्या पुन्हा तपासायला बसावं लागतं.