घरातल्या दाखल्यांची नोंदवही: मुदत कधी संपते आणि अर्जाला कधी लागायचं

बहुतेक घरांत दाखल्यांची एक फाईल असते, पण कुठला दाखला कधी संपतो याची नोंद नसते. नोंद असली तरी ती बहुधा चुकीच्या तारखेची असते, कारण दाखल्यावर छापलेली शेवटची तारीख आणि अर्ज करायची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दाखला पाहून कळते. दुसरी आपल्यालाच काढावी लागते, आणि ती प्रत्येक दाखल्याची वेगळी असते.

वहीत काय लिहायचं

साधी दोनशे पानी वही चालते. गुगल शीट असेल तर घरातल्या दोघांना एकाच वेळी दिसते. प्रत्येक दाखल्याला एक ओळ द्यायची. व्यक्ती, दाखला, दाखल्यावर नाव नेमकं कसं छापलंय, क्रमांक किंवा बारकोड, देणारं कार्यालय, दिल्याची तारीख, मुदतीची तारीख, किती दिवस आधी हालचाल करायची, मूळ प्रत कुठे ठेवली आहे, आणि ओटीपी कुठल्या मोबाईलवर येतो, एवढे रकाने पुरतात.

नाव जसं छापलंय तसंच लिहायचं, दुरुस्त करून लिहायचं नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर फक्त आद्याक्षर आणि शिधापत्रिकेवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हे चित्र घरोघरी असतं. तिन्ही नोंदी एकाखाली एक आल्या की तफावत लगेच दिसते. एरवी ती अर्जात त्रुटी निघाल्यावरच कळते.

मोबाईलच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात. लायसन्स काढताना दिलेला नंबर दहा वर्षांनी बंद पडलेला असतो आणि ओटीपी कुठे जातोय ते कळत नाही. नंबर बदलला की या रकान्यावरून नजर फिरवायची आणि जिथे जुना नंबर दिसेल तिथे तो बदलून घ्यायचा. आधारचे मात्र शेवटचे चारच अंक लिहा. पासवर्ड या वहीत अजिबात नको.

मुदतीचे प्रकार

काही दाखल्यांना मुदतच नसते. जन्म नोंद, विवाह नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे त्यातले. त्यांच्या मुदतीच्या रकान्यात ‘कायम’ लिहून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या प्रकारात मुदत ठरलेली असते आणि अर्ज आधी करता येतो. पासपोर्ट, वाहन परवाना, विमा आणि पीयूसी यात येतात. मोठ्यांचा पासपोर्ट 10 वर्षांचा असतो. लहान मुलांचा सहसा 5 वर्षांचा किंवा 18 वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोवर. बरेच देश प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान 6 महिने मुदत शिल्लक मागतात. त्यामुळे परदेशी जाणाऱ्या घरासाठी तो छापील तारखेच्या 6 महिने आधीच निकामी होतो. नूतनीकरणाला लागणारा वेळ धरून ‘आधीचे दिवस’ 270 लिहा.

विम्यात एक खोच आहे. नव्या दुचाकीच्या पॉलिसीत त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण 5 वर्षांचं असतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं बहुधा एकच वर्षाचं. नव्या मोटारीत हे 3 आणि 1 असतं. पॉलिसीवर दोन तारखा छापलेल्या असतात आणि माणूस लांबची वाचून निर्धास्त होतो. म्हणून एका पॉलिसीच्या दोन ओळी करायच्या. मुदत संपून 90 दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो.

वाहन परवान्याचं नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत मिळालेला खाजगी वाहनाचा परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. आधीच्या परवान्यांवर जी तारीख छापली आहे तीच लागू, त्यामुळे शेजाऱ्याच्या परवान्यावरून आपला हिशोब करू नका. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरकडून नमुना 1अ भरून घ्यावा लागतो, त्याचे दोन दिवस वेगळे धरा.

काही ठिकाणी मुदत कागदाला नसते, माणसाच्या वयाला असते. मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद वयाच्या 5 व्या आणि 15 व्या वर्षी करायची असते, म्हणून वहीत त्याचे ते दोन वाढदिवस लिहायचे. घरात पेन्शनर असतील तर हयातीच्या दाखल्याचा महिना नोव्हेंबर. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना 80 पूर्ण झाल्यावर 1 ऑक्टोबरपासून तो देता येतो. भविष्यनिर्वाह निधीची (ईपीएस) पेन्शन असेल तर नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला दिल्यापासून 12 महिने चालतो, म्हणून गेल्या वेळी दिल्याची तारीखच लिहून ठेवावी लागते.

31 मार्चवाले दाखले

सर्वांत जास्त घोळ होतो तो यांचा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र केव्हाही काढा, त्याची मुदत 31 मार्चलाच संपते. नॉन-क्रीमिलेयरच्या बाबतीत ती कुठल्या वर्षाची 31 मार्च, ते प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. फेब्रुवारीत काढलेला उत्पन्नाचा दाखला म्हणूनच दीड-दोन महिन्यांचाच सोबती. इथे ‘लवकर उरकून टाकू’ हे धोरण अंगाशी येतं.

एक घर घेऊ. मुलगी बारावीत आहे, प्रवर्ग इतर मागासवर्ग, आणि नॉन-क्रीमिलेयरवर 31 मार्च 2027 छापलंय. 2027 मध्ये सीईटीनंतर तिला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा आहे. प्रवेशाच्या वेळी 31 मार्च 2028 पर्यंत वैध असलेलं प्रमाणपत्र लागणार. ते काढायला मागच्या तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे 2024-25, 2025-26 आणि 2026-27. यातलं तिसरं वर्ष संपतंच 31 मार्च 2027 ला. तेव्हा अर्ज 1 एप्रिलपासूनच.

पात्रतेचं थोडक्यात असं: हे प्रमाणपत्र इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाला लागतं, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाख रुपये. सोबत अर्जदाराचं जात प्रमाणपत्र, तहसीलदारांचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, आधार, फोटो आणि स्वयंघोषणापत्र जोडायचं. सेवा केंद्रात फक्त ‘उत्पन्नाचा दाखला’ असं सांगितलं की बऱ्याचदा एका वर्षाचा अर्ज भरला जातो आणि नॉन-क्रीमिलेयरला तो चालत नाही. ‘तीन वर्षांचा’ असं स्पष्ट सांगायचं आणि पैसे देण्याआधी पावती वाचायची.

आता दिवस मोजू. तलाठ्यांचा अहवाल मिळायला आठवडा धरा, म्हणजे 8 एप्रिल. तहसीलच्या उत्पन्न दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याखाली 15 दिवस, म्हणजे 23 एप्रिल. दुसऱ्या दिवशी नॉन-क्रीमिलेयरचा अर्ज, त्याला 21 दिवस, म्हणजे 15 मे. एखादी त्रुटी निघाली तर आणखी आठवडा. निकालाच्या सुमारास हातात. याउलट निकाल लागल्यावर जाग आली तर हीच साखळी जुलैत जाते, आणि तेव्हा तहसीलमध्ये सगळा तालुका उभा असतो. ठरलेल्या दिवसांत दाखला आला नाही तर पावतीच्या आधारे प्रथम अपील करता येतं, म्हणून अर्जाची पावती आणि टोकन क्रमांकही त्याच ओळीत लिहून ठेवा.

तिने जेईईही दिली असेल तर आणखी एक ओळ लागते. केंद्राच्या संस्थांना नॉन-क्रीमिलेयर केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचं प्रमाणपत्र 2028 पर्यंत वैध असलं तरी तिथे उपयोगाचं नाही. शिवाय त्या प्रवेशात मुदत कधी संपते यापेक्षा ते कधी दिलंय हे पाहतात, आणि ते त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचं असावं लागतं. ‘दिल्याची तारीख’ हा रकाना नुसत्या माहितीसाठी नाही, तो इथे कामाला येतो. ईडब्ल्यूएसवाल्यांनाही राज्य आणि केंद्र असे दोन वेगळे कागद करावे लागतात.

जुनं नॉन-क्रीमिलेयर फेकू नका. ज्या वर्षी प्रवेश किंवा शिष्यवृत्ती घेतली त्या वर्षीचं प्रमाणपत्र पुढे पडताळणीत मागतात. नवा दाखला आला की जुनी ओळ पुसायची नाही, तिच्यापुढे ‘जुना’ लिहून खाली नवी ओळ घालायची.

शीटमधली आठवण

मुदत F रकान्यात आणि आधीचे दिवस G मध्ये असतील तर हालचालीची तारीख H मध्ये अशी येते:

```
=IF(ISNUMBER(F2),F2-G2,"")
```

पासपोर्टला G मध्ये 270, परवान्याला 90, विम्याला 30, पीयूसीला 7. नॉन-क्रीमिलेयरला आणि उत्पन्नाला -1. उणे एकामुळे 31 मार्चचा 1 एप्रिल होतो आणि आठवण योग्य दिवशी पडते. ‘कायम’ लिहिलेल्या ओळीत H रिकामाच राहतो.

इथली नेहमीची चूक तारखेच्या वाचनाची. शीटची भाषा अमेरिकी असेल तर 04/03/2027 ही 3 एप्रिल म्हणून वाचली जाते, आणि 31/03/2027 ही तारीख न मानता नुसता मजकूर मानली जाते. ओळखायचं कसं? तारीख म्हणून घेतलेला आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. मुदत भरूनही H रिकामा दिसला तर हाच दोष. `File > Settings > Locale` मध्ये India निवडा आणि आधी भरलेल्या तारखा एकदा दाखल्यांशी ताडून पाहा, कारण उलट्या वाचलेल्या तारखा आपोआप सरळ होत नाहीत.

शीट स्वतःहून हाक मारत नाही. H मधली तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायची, दोन जणांच्या, आणि मजकुरात ‘नॉन-क्रीमिलेयर’ एवढंच न लिहिता ‘तलाठी अहवालासाठी जाणे, शिधापत्रिका आणि तीन वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे सोबत’ असं पूर्ण लिहायचं. आठ महिन्यांनी वाजलेला गजर नुसतं नाव सांगून काही उपयोगाचा नसतो.

डिजिलॉकरमध्ये खात्याकडूनच आलेला दस्तऐवज मूळ प्रतीच्या बरोबरीचा धरला जातो, पण आपण मोबाईलने फोटो काढून चढवलेला कागद तसा धरला जात नाही. ‘मूळ प्रत कुठे’ या रकान्यात ‘डिजिलॉकर, खात्याकडून’ की ‘डिजिलॉकर, आपण चढवलेला’ हे वेगळं लिहा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर कपाटाचा कप्पाही लिहून ठेवा.