‘बुएनो’चा ‘बुएन’ कधी होतो?
आमच्या स्पॅनिश वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

माद्रिदमधल्या प्रसिद्ध बागेचं नाव ‘बुएन रेतीरो’, पण अर्जेंटिनाची राजधानी ‘बुएनोस आयरेस’. कानारी बेटांपैकी एक ‘ग्रान कानारिया’, पण मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरची नदी ‘रिओ ग्रांदे’. विशेषणं तीच, मग कुठे आखूड आणि कुठे पूर्ण का? या चार नावांत जवळजवळ सगळा नियम आहे.

आधी ‘ऊनो’ (एक) आणि ‘बुएनो’ (चांगला) घेऊ. पुल्लिंगी, एकवचनी नामाच्या आधी आले की या दोघांचा शेवटचा ‘ओ’ गळतो. ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी. म्हणून ‘एक चांगलं पुस्तक’ होतं ‘ऊन बुएन लिब्रो’. मध्ये दुसरं विशेषण आलं तरी ‘ऊन’ आखूडच राहतो, हे इथेच दिसतं. आता एकेक गोष्ट बदलून पाहा. विशेषण नामामागे नेलं तर ‘ऊन लिब्रो बुएनो’. स्त्रीलिंगी ‘नोवेला’ (कादंबरी) घेतली तर ‘ऊना बुएना नोवेला’. अनेकवचन केलं तर ‘ऊनोस बुएनोस लिब्रोस’. ‘आयरेस’ म्हणजे वारे. ते अनेकवचनी, म्हणून तिथे ‘बुएनोस’ पूर्ण. ‘रेतीरो’ एकवचनी, म्हणून ‘बुएन’.

हा नियम मोजक्याच शब्दांना लागू आहे: मालो (वाईट), प्रिमेरो (पहिला), तेर्सेरो (तिसरा), आल्गूनो (कुठलासा), निंगूनो (कुठलाही नाही). त्यांची रूपं माल, प्रिमेर, तेर्सेर, आल्गून, निंगून. शेवटच्या दोघांच्या आखूड रूपांत ‘ऊ’वर आघातचिन्ह लिहायचं; ते विसरणं ही परीक्षेतली नेहमीची चूक.

‘ओ’ का गळतो? ही विशेषणं सतत वापरात असतात आणि नामाच्या आधी आली की त्यांच्यावरचा जोर कमी होतो. खरा जोर नामावर पडतो. अशा टेकलेल्या शब्दाचा शेवटचा आघातहीन स्वर झिजतो. मराठीतही ‘तीन मजली’पेक्षा ‘तिमजली’ हे रूप सहज तोंडात बसतं, तसंच काहीसं. फरक इतकाच की स्पॅनिशमध्ये दोन शब्द वेगळेच लिहितात. ‘ओ’ गेल्यावर मागे न, ल किंवा र उरतो, आणि स्पॅनिश शब्दाच्या शेवटी हे व्यंजन चालतं. ‘नुएवो’ (नवा) आखडला तर शेवटी ‘व’ उरेल, तो स्पॅनिश जिभेला शेवटी नको असतो. स्त्रीलिंगी ‘आ’ मात्र बळकट स्वर, तो टिकतो. म्हणून ‘पहिल्यांदा’ म्हणजे ‘ला प्रिमेरा वेस’. काही ठिकाणी बोलण्यात ‘प्रिमेर वेस’ ऐकू येईल, लिहिताना ते टाळा.

‘ग्रांदे’ वेगळ्या चालीचा. तो लिंग पाहत नाही, फक्त एकवचन आणि नामाआधीची जागा पाहतो: ‘ग्रान ओम्ब्रे’, ‘ग्रान कासा’. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘ग्रांद’ असंही रूप होतं. शेवटचा ‘ए’ गेला, मग ‘न-द’ ही जोडी शब्दान्ती जड झाली आणि ‘द’ही गेला.

इथे अर्थही बदलतो. ‘ऊन ग्रान ओम्ब्रे’ म्हणजे थोर माणूस, ‘ऊन ओम्ब्रे ग्रांदे’ म्हणजे अंगाने मोठा. मराठीत विशेषण बहुधा नामाआधीच येतं, त्यामुळे आपला विद्यार्थी खोलीचं वर्णन करताना ‘ग्रान’ म्हणून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याला साधी खोली भव्य वाटते. आकार सांगायचा असेल तर ‘ग्रांदे’ नामामागे ठेवा. आधी ‘मास’ (अधिक) आला तरी रूप पूर्णच राहतं: ‘ला मास ग्रांदे’.

‘ऊनो’बाबत दोन चुका वारंवार दिसतात. ‘पुस्तक आहे का?’ या प्रश्नाला ‘तेंगो ऊन’ हे उत्तर अपुरं आहे. पुढे नाम नसल्याने ‘तेंगो ऊनो’. दुसरी संख्यांमधली: एकवीस पुस्तकं म्हणजे ‘वेइंतिऊन लिब्रोस’, ‘वेइंतिऊनो’ नव्हे. इथे नाम अनेकवचनी असूनही रूप आखूडच, कारण संख्येतला ‘ऊनो’ एकवचनीच राहतो.

‘ऊन आगिला’ (एक गरुड) पाहून मात्र गोंधळू नका. आगिला स्त्रीलिंगीच आहे. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘आ’वर जोर असल्यामुळे आधी ‘ऊना’ऐवजी ‘ऊन’ येतो, आणि मागचं विशेषण स्त्रीलिंगीच लागतं: ‘ऊन आगिला ब्लांका’.

नकाशावर एक नाव राहिलं. ‘सांतो’ (संत) पुरुषाच्या नावाआधी ‘सान’ होतो, जसं ‘सान होसे’. पण ‘दो’ किंवा ‘तो’ने सुरू होणाऱ्या नावाआधी पूर्ण राहतो. म्हणून डोमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी ‘सांतो दोमिंगो’.