'पॅक'चं 'बॅक' का होतं?

फोनमधल्या आवाजी सहायकाला मराठी माणसाचं इंग्रजी कळलं नाही, की 'उच्चार सुधारा' असा सल्ला हमखास मिळतो. पण आपला 'प' अगदी स्वच्छ असतो. गडबड असते ती यंत्राने 'प' आणि 'ब' यांच्यामध्ये आखलेल्या रेषेत.

'प' म्हणताना मिटलेले ओठ उघडतात आणि मग स्वरतंतू कंप पावू लागतात. या दोन घटनांमधलं अंतर मोजता येतं. लिस्कर आणि अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 साली अकरा भाषांमधली अशी मोजमापं प्रसिद्ध केली, त्यांत मराठीही होती. अमेरिकन इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'साठी हे अंतर सरासरी 60 मिलिसेकंदांच्या आसपास भरतं, आणि तेवढ्या वेळात हवेचा झोत ऐकू येतो. अमेरिकन 'ब'साठी ते बहुतेकदा शून्याजवळ असतं. मराठीत शून्याजवळ असतो तो 'प'! आपल्या 'ब'मध्ये ओठ उघडण्याआधीच, साधारण 100 मिलिसेकंद आधी, कंपन सुरू झालेलं असतं. म्हणजे आपला 'प' नेमका अमेरिकन 'ब'च्या जागी पडतो, आणि अमेरिकन आवाजांवर शिकलेल्या यंत्राला तो 'ब'च वाटतो. 'ट-ड' आणि 'क-ग' यांचंही तेच. 'स्पीक'मधला 'प' मात्र क्वचितच चुकतो, कारण 'स'नंतर अमेरिकन माणूसही झोत सोडत नाही.

'पार्क द कार' हे वाक्य तरीही बरोबर उमटतं, कारण पुढच्या शब्दांवरून यंत्र अंदाज बांधतं. 'कॉल पै' म्हटलं की आधाराला काही नसतं आणि 'पै'चं 'बाय' होतं. जाहिरातीतली अचूकतेची टक्केवारी सगळ्या शब्दांवर काढलेली असते, त्यामुळे आडनावांवरच्या अशा चुका तिच्यात दिसत नाहीत.

दोष इथेच आहे का, हे तपासणं सोपं आहे. पॅक-बॅक, टेन-डेन, कोल-गोल अशा जोड्या सुटे शब्द म्हणून, क्रम बदलत वाचा. चुका एकाच दिशेच्या असतील, म्हणजे 'प'चा 'ब' होतो पण 'ब'चा 'प' होत नाही, तर कारण हेच. दोन्हीकडे सारख्याच होत असतील तर माइक किंवा खोलीतला गोंगाट पाहा. मुद्दाम जोर देऊन 'प' म्हणायला गेलं तर बऱ्याच मराठी तोंडांतून 'फ' निघतो आणि नवीच चूक होते. त्यापेक्षा सेटिंगमध्ये 'इंग्रजी (भारत)' निवडावं.

यंत्र घडवणाऱ्यांना भारतीय आवाजांची, शब्द न् शब्द लिहून काढलेली ध्वनिमुद्रणं लागतात, आणि त्यांत सुटे शब्द व नावं हवीतच. केवळ लांब वाक्यांवर शिकवलं तर यंत्र संदर्भावर विसंबायला शिकतं, रेषा सरकत नाही. शिकवताना जुनी ध्वनिमुद्रणंही मिसळावी लागतात, नाहीतर अमेरिकन 'प' चुकायला लागतो.

'पै यांना कॉल कर, देन प्ले द न्यूज' यासारखं वाक्य आणखी अवघड. काही प्रणाली बोलण्याच्या तुकड्याची भाषा सुरुवातीलाच ठरवतात आणि तो पूर्ण तुकडा त्याच भाषेत उतरवतात. इंग्रजी ठरली तर 'पै' गेलं, मराठी ठरली तर 'न्यूज'च्या आज्ञेचा भरवसा नाही. अशा वेळी दोन आज्ञा थोडं थांबून वेगवेगळ्या दिल्या तर काम होतं.