टाकी लांबीतच का फाटते?

शेतातला पीव्हीसी पाइप फुटलेला तुम्ही पाहिला असेल. मोटर चालू झाली, पुढचा वाल्व्ह बंद राहिला, पाण्याला वाट मिळाली नाही आणि पाइप गेला. जवळ जाऊन पाहिलं तर चीर जवळपास नेहमी लांबीतच असते, वीतभर किंवा हातभर. पाइप बांगडीसारखा गोल कापला जाऊन त्याचे दोन तुकडे पडलेत, असं सहसा दिसत नाही. जोडातून निसटला तर गोष्ट वेगळी.

पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरखाली आडवी असते ती हवेची टाकी, बॉयलर किंवा गॅस साठवायची लांबट टाकी, म्हणजे बुलेट, फाटायचा झाला तर याच दिशेनं फाटतो. टाकीचा पत्रा किती जाड घ्यायचा हे गणितही या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून एक साधी टाकी घेऊन ते शेवटापर्यंत करून पाहू.

टाकीचा व्यास 50 सेंटीमीटर, सरळ भागाची लांबी 1 मीटर आणि दोन्ही टोकांना फुगीर झाकणं, म्हणजे डिश-एंड. पत्रा 6 मिलिमीटरचा आहे. आत हवा 10 किलो दाबानं भरली आहे, म्हणजे आतल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर 10 किलोचा रेटा.

आता ही टाकी मनातल्या मनात लांबीत उभी चिरा, काकडीच्या दोन फाका कराव्यात तशी. प्रत्यक्षात टाकी अखंड आहे, पण या दोन फाकांना एकमेकींपासून दूर ढकलणारा जोर किती हे काढायचं आहे. हवा गोल भिंतीवर सगळीकडे सारखीच रेटते. एका फाकेपुरतं पाहिलं तर चिरेच्या दिशेतले समोरासमोरचे रेटे एकमेकांना मारतात, आणि उरतो तो चिरलेल्या आयताएवढ्या सपाट जागेवरचा रेटा. तो आयत 50 बाय 100 सेंटीमीटरचा, म्हणजे 5,000 चौरस सेंटीमीटर. प्रत्येकावर 10 किलो धरले तर 50 टन झाले. भरलेल्या दहा चाकी ट्रकच्या वजनाहूनही हे जास्त आहे, आणि तेवढा जोर त्या कोपऱ्यातल्या टाकीच्या दोन अर्ध्या भागांना सतत वेगळं करायला बघत असतो.

त्यांना धरून ठेवतात फक्त पत्र्याच्या दोन कडा, एक या बाजूची आणि एक त्या बाजूची. प्रत्येक कड 100 सेंटीमीटर लांब आणि 0.6 सेंटीमीटर जाड, म्हणजे दोन्ही मिळून 120 चौरस सेंटीमीटर पोलाद. 50 टन भागिले 120 केलं की चौरस सेंटीमीटरला साधारण 417 किलो ताण येतो. इंजिनिअर याला हूप स्ट्रेस म्हणतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवतो ती लोखंडी धाव आठवा. थंड होताना ती आवळते आणि तिच्या गोलाईभर ताण बसतो. टाकीची गोलाई म्हणजे अशा अनेक धावा एकीला एक लावून ठेवल्यासारखी आहे, फक्त इथे ताण आवळण्यामुळे येत नाही, आतून फुगवल्यामुळे येतो.

आता तीच टाकी आडवी कापा, काकडीच्या चकत्या करतो तशी. या वेळी जोर येतो तो डिश-एंडवरच्या रेट्याचा. 50 सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 1,963 चौरस सेंटीमीटर, म्हणजे जोर भरतो साडेएकोणीस टनांच्या आसपास. त्याला धरून ठेवणारी कड मात्र पूर्ण परिघाची आहे: 157 सेंटीमीटर लांब, 0.6 सेंटीमीटर जाड, सुमारे 94 चौरस सेंटीमीटर. ताण येतो 208 किलो, हूप स्ट्रेसच्या बरोबर निम्मा. याला लांबीतला ताण म्हणू, कारण तो पत्र्याला टाकीच्या लांबीच्या दिशेनं ओढतो.

आकडे काढून अक्षरं ठेवली तर दोन सूत्रं मिळतात. p म्हणजे दाब, D म्हणजे व्यास आणि t म्हणजे पत्र्याची जाडी.

```
हूप स्ट्रेस    = pD / 2t
लांबीतला ताण = pD / 4t
```

यात लांबी कुठेच नाही, ती वरखाली कटून गेली. टाकी 1 मीटरऐवजी 5 मीटर लांब केली तरी पत्रा तेवढाच जाड पुरतो. व्यास दुप्पट केला तर मात्र जाडी दुप्पट करावी लागते. दीडशे किलो दाब सोसणारा ऑक्सिजनचा सिलिंडर सडपातळ आणि उंच का असतो, याचं उत्तर इथेच आहे.

हूप स्ट्रेस दुप्पट असल्यामुळे जाडी ठरवायची ती त्याच्यावरून. दाब वाढत गेला तर पत्रा आधी गोलाईत ओढला जाऊन तुटेल आणि चीर लांबीत पडेल, त्या पीव्हीसी पाइपासारखी.

आता जाडी काढू. कामाचा दाब 10 किलो असला तरी डिझाइन 12 किलोसाठी करतात, म्हणजे सेफ्टी वाल्व्ह उडायला जागा राहते. साधं स्ट्रक्चरल पोलाद चौरस सेंटीमीटरला सुमारे 4,200 किलो ताणाला तुटतं. पण तिथवर कुणी जाऊ देत नाही. अमेरिकेतली मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्था ए.एस.एम.ई. हिच्या कोडची, म्हणजे नियमावलीची, रीत अशी की तुटण्याच्या ताणाला साडेतीननं भागायचं. उत्तर येतं 1,200 किलो.

इथे एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे वेल्डिंग. पत्रा रोल करून गोल केला की त्याची दोन टोकं लांबीत जोडावी लागतात. कारखान्यात या जोडाला लाँग सीम म्हणतात. दुप्पट ताण नेमका याच जोडाला उघडायला बघतो. वेल्डच्या आत पोकळी किंवा मळी राहिली तर बाहेरून ती दिसत नाही. एक्स-रे काढून पूर्ण तपासलेल्या जोडाला कोड शंभर टक्के ताकद धरू देतो. एक्स-रे न काढलेल्या, दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या जोडाला 70 टक्केच. छोट्या टाक्यांचा एक्स-रे सहसा कुणी काढत नाही, म्हणून आपल्या हातात उरतात 1,200 चे 840 किलो. हा चालणारा ताण म्हणजे खालच्या सूत्रातलं f.

```
t = pD / 2f = (12 × 50) / (2 × 840) = 0.357 सेंमी
```

म्हणजे 3.6 मिलिमीटर. एक्स-रे काढला असता तर अडीच मिलिमीटरवर भागलं असतं. न तपासलेल्या जोडाची किंमत अशी पत्र्याच्या वजनात मोजावी लागते. डिश-एंड जोडणाऱ्या गोल सीमला याच हिशेबानं 1.8 मिलिमीटर पुरतात. तिथे जोडाची ताकद निम्म्याच्याही खाली गेली तरच तिची काळजी करावी लागते. 3.6 मध्ये गंजासाठी दीड मिलिमीटर मिळवले की 5.1 होतात, आणि बाजारात मिळणारी पुढची सोयीची प्लेट 6 ची.

हा हिशेब पातळ भिंतीचा आहे. ताण पत्र्याच्या जाडीभर सारखा पसरलाय असं आपण गृहीत धरलं. व्यास जाडीच्या 20 पटींहून मोठा असेल तोवर हे चालतं. अगदी 20 पटींवर आतल्या कडेला खरा ताण साधारण पाच टक्के जास्त निघतो. आपल्या टाकीत व्यास जाडीच्या 83 पट आहे, तेव्हा चिंता नाही. तोफेची नळी मात्र या सूत्रानं काढू नये.

लाँग सीमकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते 20 मार्च 1905 ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी दिसलं. ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला, इमारत कोसळली, आग लागली आणि 58 माणसं गेली. त्या काळच्या बॉयलरची लाँग सीम म्हणजे पत्र्याची एक कड दुसरीवर चढवून मारलेले रिव्हेट. कड कडेवर चढली की तिथे पिंप खरं गोल राहत नाही. दर वेळी दाब चढला की ती जागा थोडी वाकते, उतरला की सरळ होते, आणि वर्षानुवर्षं हे चालून चढलेल्या पत्र्याच्या आड तडा वाढत जातो. तो बाहेरून दिसत नाही. या स्फोटानंतर 1907 मध्ये त्या राज्यानं बॉयलरचे नियम केले आणि 1915 मध्ये ए.एस.एम.ई.चा पहिला कोड छापून आला. आपण वर वापरलेला भागाकार त्याच कोडच्या आजच्या आवृत्तीतला आहे.

हवेच्या टाकीत वेगळा धोका आहे. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. टाकी आडवी असेल तर हे पाणी सर्वांत खालच्या रेषेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतं. म्हणजे गंज धरतो तो लांबीत, आणि हूप स्ट्रेस ओढतो तो या रेषेला काटकोनात. टाकीला चिरण्यासाठी याहून वाईट जागा सापडायची नाही. एखाद्या ठिकाणी सुटा खड्डा पडला तर आजूबाजूचा जाड पत्रा त्याला सांभाळून घेतो, फार तर तिथून हवा सुसू करायला लागते. सलग खोबणी झाली तर सांभाळणारं शेजारी कुणीच राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये अगदी या मापाची टाकी मी अल्ट्रासॉनिक जाडीमापकानं तपासली. रंग खरवडून जेलचा थेंब लावला आणि प्रोब टेकवला. कुशीला 5.9, वरच्या बाजूला 5.9. तळाशी आकडा 4.2 वर आला आणि पुढे सरकत गेलो तसा 3.4 झाला. लाँग सीमही तळाशीच ठेवलेली होती, जी करणाऱ्यानं कुशीला किंवा वर ठेवायला हवी होती. 12 किलोला तिथला ताण 882 येतो, परवानगी 840 ची. टाकी त्याच दिवशी फुटली असती असं नाही, पोलाद तुटायला अजून बरीच मजल होती. पण ही मजल सूत्रात न मावणाऱ्या गोष्टींसाठी राखलेली असते: न दिसलेला तडा, अडकलेला सेफ्टी वाल्व्ह, रोजचं भरणं-उतरणं. गंजानं तीच खायला सुरुवात केली होती.

मालक म्हणाले, "साहेब, दाब देऊन बघा ना, टिकली तर टिकली." कॉम्प्रेसरचीच हवा भरून बघू, असं त्यांच्या मनात होतं. तसं कधीही करू नये. 10 किलोला भरलेल्या या 200 लिटर हवेत सुमारे 2 लाख 70 हजार जूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत टनभर वजनाची गाडी नऊ मजले वर उचलली जाईल. त्याच दाबाला तीच टाकी पाण्यानं भरली असेल तर ऊर्जा उरते 45 जूलच्या आसपास, कारण पाणी जवळपास दबतच नाही. फाटली तर पाणी उडेल, माणूस वाचेल. म्हणून चाचणी पाण्यानं, डिझाइन दाबाच्या 1.3 पटीला, म्हणजे इथे 15.6 किलोला.

त्या टाकीची चाचणी आम्ही केलीच नाही, आधी ती बाद केली. गॅस कटरनं लांबीत उघडल्यावर तळाशी तांबूस चिखल होता. तो पुसला तेव्हा खाली खड्ड्यांची ओळ दिसली, एकमेकांत मिसळत गेलेली, अंगठाभर रुंद, टोकापासून टोकापर्यंत. तळाचं पाणी सोडायचा ड्रेन कॉक रंगाखाली बुजलेला होता. तो कित्येक महिन्यांत कुणी उघडला नव्हता.