बोर्डवॉक देऊन टाका

मोनॉपॉलीच्या एका डावात मी मित्राला बोर्डवॉक ही जागा दिली आणि बदल्यात टेनेसी अॅव्हेन्यू घेतला. वर एक डॉलरही मागितला नाही. बोर्डवॉकची छापील किंमत 400 डॉलर, टेनेसीची 180. मित्राने घाईघाईने पत्ता उचलला, जणू मी मन बदलेन अशी त्याला धास्ती वाटत होती. त्याच्याकडे पार्क प्लेस आधीपासून होता, म्हणजे पटावरची सगळ्यात महागडी निळी जोडी त्याची झाली. माझ्याकडे सेंट जेम्स प्लेस आणि न्यूयॉर्क अॅव्हेन्यू होते, त्यामुळे माझा नारिंगी संच पूर्ण झाला. खेळणारे चौघं होतो आणि आम्हा दोघांच्याही हातात साधारण 950 डॉलर होते. बाकीच्यांच्या मते मी फसलो होतो.

महाग जागा म्हणजे चांगली जागा, हा समज या खेळात फार घट्ट आहे. जागेची किंमत तिच्या भाड्यावरून ठरवावी हे सगळ्यांना पटतं. पण पत्त्यावर छापलेलं भाडं कुणी त्या चौकोनावर आलं तरच मिळतं. म्हणून खरी संख्या काढायची तर भाड्याला तिथे कुणी येण्याच्या शक्यतेने गुणायचं. गणितात याला अपेक्षित मूल्य म्हणतात.

पटावर 40 चौकोन आहेत. सगळीकडे सोंगट्या सारख्याच थांबत असत्या तर प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला अडीच टक्के आले असते. तसं होत नाही, कारण तुरुंग. तिसाव्या चौकोनावर आलेला गडी थेट दहाव्या चौकोनावरच्या तुरुंगात जातो. शिवाय खेळताना उचलावे लागणारे काही पत्तेही तिथेच पाठवतात, आणि लागोपाठ तीनदा जोडी पडली तरी तीच गत. त्यामुळे पटावर सगळ्यात जास्त मुक्काम तुरुंगात पडतो.

आता तुरुंगापासून पुढे मोजा. सेंट जेम्स सहा चौकोनांवर, टेनेसी आठवर, न्यूयॉर्क नऊवर. दोन फाशांची 36 दानं शक्य आहेत. त्यांत सहाची बेरीज पाच प्रकारे येते, आठची पाच प्रकारे आणि नऊची चार प्रकारे. एकूण 14. म्हणजे 50 डॉलर भरून तुरुंगातून निघालेला गडी पहिल्याच दानाला नारिंगीवर पडण्याची शक्यता 39 टक्क्यांच्या आसपास आहे. (पैसे न भरता जोडीची वाट बघत बसला तर ती बरीच कमी होते, म्हणून डावाच्या शेवटी हुशार गडी तुरुंगातच बसून राहतात.) उलट पार्क प्लेस तिसाव्या चौकोनापासून बरोबर सात पुढे आहे. सात हे सगळ्यात जास्त वेळा पडणारं दान, पण तिसाव्यावर कुणी थांबतच नाही, त्यामुळे त्या सातचा पार्क प्लेसला काही उपयोग नाही.

प्रत्येक चौकोनावरून पुढच्या कुठल्या चौकोनावर किती शक्यतेने जाता येतं, याचा तक्ता मांडून तो पुन्हा पुन्हा स्वतःशी गुणला की आकडे एका जागी स्थिरावतात. ही मार्कोव साखळी. तुरुंगातून कसं सुटायचं याची सवय बदलली तर आकडे थोडे हलतात, पण ढोबळमानाने दर दानाला सेंट जेम्सवर 2.8 टक्के, टेनेसीवर 2.9, न्यूयॉर्कवर 3.1, बोर्डवॉकवर 2.6 आणि पार्क प्लेसवर 2.2 टक्के वेळा थांबणं होतं.

फरक छोटा दिसतो. पण त्यात घर बांधण्याचा खर्च मिळवला की चित्र पालटतं. नारिंगीवर एक घर 100 डॉलरला पडतं, निळ्यावर 200 ला. माझ्या पैशांत नऊ घरं झाली, प्रत्येक जागेवर तीन. तिथली भाडी 550, 550 आणि 600. शक्यतांनी गुणून बेरीज केली तर प्रतिस्पर्ध्याच्या दर दानामागे मला सरासरी 50 डॉलर मिळायला हवेत. मित्राच्या पैशांत चार घरं झाली. नियमाप्रमाणे ती सारखी वाटावी लागतात, म्हणून दोन-दोन. भाडी 500 आणि 600, सरासरी 27 डॉलरच्या आत.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. नारिंगीवर तीन-तीन घरांचे थर चढवत जा आणि प्रत्येक थराने दर दानामागची कमाई किती वाढते ते बघा. घरं नसताना, फक्त संच पूर्ण असल्याने दुप्पट झालेलं भाडं धरून, ती अडीच डॉलर असते. 300 डॉलर घालून पहिला थर चढवला तर ती जेमतेम चारने वाढते. दुसऱ्या थराने पावणेबाराने. आणि तिसऱ्या थराने एकदम 32 ने! चौथ्या थराने आणि हॉटेलने मात्र साडेसतरा-साडेसतरानेच. म्हणजे पहिला थर स्वतःचे पैसे फेडायला 77 दानं घेतो आणि तिसरा साडेनऊ. जो प्रत्येक घराचा वेगळा हिशेब मांडेल तो पहिलं घर बांधणारच नाही. आणि जो एक घर बांधून ‘बघू पुढे’ म्हणत थांबेल, त्याने जिन्याची सगळ्यात वाईट पायरी विकत घेतलेली असते. तिसऱ्या घरापर्यंत पोचण्याइतके पैसे नसतील तर तोवर रोकड हातात ठेवलेली बरी.

हाच हिशेब सुट्या जागेला लावला तर गंमत दिसते. एकटा सेंट जेम्स भाडं देतो 14 डॉलर, म्हणजे दर दानामागे 39 सेंट. त्याचे 180 डॉलर फिटायला साडेचारशेहून जास्त दानं लागतील. तेव्हा सुटी जागा भाड्यासाठी घ्यायचीच नसते. ती घ्यायची संच जुळवायला, नाहीतर दुसऱ्याचा अडवायला. माझ्या अदलाबदलीत टेनेसीची खरी किंमत संच जुळवण्यातच होती, पत्त्यावर छापलेल्या आकड्यात नाही.

बोर्डवॉक कायमच वाईट, असं मात्र नाही. दोन्ही संचांवर हॉटेलं उभी राहिली की दोघांचीही कमाई दर दानामागे 85 च्या घरात जाते. फक्त नारिंगीला त्यासाठी 1500 लागतात आणि निळ्याला 2000. डावाच्या मध्यावर इतके पैसे सहसा नसतात. ज्याच्याकडे ते आहेत, त्याला निळी जोडी देऊ नका.

त्या डावात पुढच्या पाच फेऱ्या नारिंगीवर एकही सोंगटी आली नाही. मित्राच्या मते फासे त्याच्यावर प्रसन्न होते, कारण तो दर वेळी त्यांवर फुंकर मारत होता. फाशांना मागचं दान आठवत नाही, फुंकरही कळत नाही. तिघांपैकी एक तरी नारिंगीवर येण्याची शक्यता दर फेरीला साधारण 24 टक्के. म्हणजे पाच फेऱ्या कोरड्या जाणं चार डावांत एकदा व्हायचंच. सरासरी 50 याचा अर्थ दर वेळी 50 असा नाही. बहुतेकदा शून्य मिळतं आणि क्वचित 550.

आणि याच कोरड्या काळात मी बोर्डवॉकवर जाऊन पडलो. भाडं 600, हातात 60 डॉलर. बँक घरं निम्म्या किमतीत परत घेते, त्यामुळे नऊ घरांचे 450 आले. उरलेले 90 टेनेसी गहाण टाकून उभे केले, आणि ते बरोबर पुरले. नऊऐवजी आठ घरं बांधून सेंट जेम्सवर दोनच ठेवली असती, तर दर दानामागे दहा डॉलर कमी मिळाले असते, पण हातात 160 राहिले असते. या भाड्यापुढे तेही अपुरेच. माझी खरी चूक वेळेची होती. मी बांधलं तेव्हा तिघंही नारिंगी ओलांडून पुढे गेले होते. घरं इतरांच्या पाळ्यांच्या मधेही बांधता येतात, म्हणून कुणीतरी तुरुंगातून निघेपर्यंत 900 डॉलर हातात धरून थांबायला हवं होतं. तेवढ्या रोकडीतून ते 600 काहीही न विकता भरता आले असते.