आकृतीवरून दाब व पातळी ठरवणे : बारीक होणारी नळी आणि तरंगता डबा

मध्ये बारीक झालेली आडवी नळी आणि तिच्यावर उभ्या काचनळ्या, किंवा पाण्यावर तरंगणारा डबा आणि त्यात ठेवलेले वजन, अशी आकृती देऊन दाब कुठे कमी होईल, पातळी कुठे जाईल, असे विचारले जाते. दोन्हींत आधी शोधायचे ते न बदलणारे काय आहे ते. नळीत दर सेकंदाला जाणारे पाणी कायम राहते, डब्यात एकूण वजन.

नळीचा व्यास १० सेंमी. आणि गळ्याशी ५ सेंमी. आहे असे धरू. व्यास निम्मा झाला की छेदाचे क्षेत्रफळ पाव होते (इथे बरेच जण निम्मे धरतात). म्हणून रुंद भागात सेकंदाला १ मी. जाणारे पाणी गळ्यात ४ मी. वेगाने जाते. पाण्याचा वेग वाढला, म्हणजे त्याला मागून मिळणारा रेटा पुढच्या विरोधापेक्षा जास्त असला पाहिजे. त्यामुळे गळ्यात दाब कमी. ‘अरुंद जागेत पाणी दाटते, म्हणून दाब जास्त’ ही समजूत इथेच फसते. डॅनियल बेर्नुली यांच्या १७३८ मधील ग्रंथावरून ओळखल्या जाणाऱ्या नियमाने ही घट ½ × १००० × (४² − १²) = ७,५०० पास्कल येते. गळ्यावरच्या काचनळीत पाणी सुमारे ७६ सेंमी. खाली दिसते.

आता तीच नळी तिरपी करून गळा १ मी. खाली आणला, तर उंचीमुळे दाब ९,८०० पास्कलने वाढतो आणि वेगामुळे ७,५०० ने घटतो. वेग जास्त असूनही गळ्यात दाब २,३०० पास्कलने जास्तच! काचनळ्यांतल्या पातळ्यांत मात्र तोच ७६ सेंमी.चा फरक राहतो. म्हणून फोटोत नळी खरोखर तिरपी आहे की कॅमेरा कलला होता, हे काचनळ्यांतल्या पाण्याच्या पृष्ठभागावरून पाहावे. तो नेहमी आडवाच असतो. गळ्यापुढे नळी पुन्हा तेवढीच रुंद झाल्यावर तिसऱ्या काचनळीतली पातळी पहिलीइतकीच काढलेली असेल, तर घर्षण सोडून दिले आहे असे समजावे. प्रत्यक्षात ती थोडी खालीच असते.

डब्याचे उदाहरण : २० सेंमी. × २० सेंमी. तळाच्या उभ्या टाकीत तरंगत्या डब्यात ७८० ग्रॅमचा लोखंडी ठोकळा आहे. तो डब्यात असताना स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे ७८० घसेंमी. पाणी बाजूला सारतो. पाण्यात टाकल्यावर तो बुडतो आणि फक्त स्वतःच्या आकारमानाइतके, सुमारे १०० घसेंमी. सारतो. डबा हलका होऊन वर उचलला जातो आणि टाकीतली पातळी ६८० ÷ ४०० = १.७ सेंमी. उतरते. त्याच वजनाचा लाकडी ठोकळा टाकला, तर तो तरंगत राहतो आणि पातळी हलत नाही.