शितावरून माणसाची परीक्षा

"लेकरू चुणचुणीत हाय. आत आलं तवाच वळखलं मी." हे वाक्य मी उदगीर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या मुलाखतींमध्ये ऐकलं. सोयाबीन खरेदी केंद्रासाठी केंद्रप्रमुख निवडायचा होता. बोलणारे संचालक अनुभवी शेतकरी, माणसं ओळखणारे म्हणून गावात नाव असलेले. त्यामुळे बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मात्र आधीच्या वर्षीच्या मुलाखतींचे कागद मागून घेतले.

त्या कागदावर चार रकाने होते: ज्ञान, व्यक्तिमत्त्व, संवाद, प्रामाणिकपणा. प्रत्येकी दहा मार्क. एका उमेदवाराला त्याच संचालकांनी ८, ८, ९, ८ दिले होते, तर दुसऱ्याला ५, ५, ४, ५. माणूस खरंच असा चारही बाजूंनी सारखाच असतो का? हिशेबात पक्का पण बोलायला बुजरा असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी असतोच. शिवाय पंधरा मिनिटांत प्रामाणिकपणा मोजला कशानं?

हे आकडे उमेदवाराचे नव्हतेच. पहिल्या मिनिटात मनावर पडलेला एकच ठसा चार वेळा लिहिला गेला होता. मानसशास्त्रात याला 'प्रभावळीचा परिणाम' म्हणतात. देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ जशी सगळ्या मूर्तीला उजळते, तसा एक गुण बाकीच्या गुणांना उजळून टाकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये हा परिणाम दाखवला. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य यांचे वेगवेगळे मार्क देत, पण ते मार्क संशय यावा इतके एकमेकांच्या मागून चालत.

यात नेमकं बिघडतं काय, हे आपल्या मोंढ्यात नीट समजतं. सोयाबीनची गाडी आली की कोणी एकाच पोत्यातली मूठ पाहून भाव ठरवत नाही. आठ-दहा पोत्यांत नळी खुपसून नमुने काढतात, ते एकत्र करतात आणि मग ओलावा मोजतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणूस वेगवेगळ्या शेतांतून आलेल्या पोत्यांसारखा आहे.

आता थोडं गणित. समजा, प्रत्येक निकषावर मार्क देताना आपली साधारण एका मार्काची चूक होते, कधी जास्तीकडे, कधी कमीकडे. चार निकषांच्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील तर सरासरी काढताना त्या काही प्रमाणात एकमेकींना खोडतात. चूक किती उरते, तर निकषांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागून येते तेवढी. चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे उरली अर्धा मार्क. पण चारही चुका एकाच ठशातून आल्या असतील तर खोडायला काहीच नाही आणि एका मार्काची चूक तशीच राहते. अशा वेळी रकाने चाराचे चाळीस केले तरी उपयोग शून्य, कारण नळी पुन्हा पुन्हा त्याच पोत्यात जाते. मुलाखत घेणाऱ्यांची संख्या वाढवतानाही हेच लागू पडतं. अध्यक्ष आधी बोलले आणि मग तिघांनी मार्क लिहिले, तर मतं तीन होत नाहीत, एकच राहतं.

म्हणून पुढची सगळी खटपट चुका एकमेकींपासून सुट्या ठेवण्यासाठी असते. आम्ही चार निकष ठरवले: ओलावा आणि प्रत तपासणं, पावत्या व नोंदवही, शेतकऱ्यांशी होणारे तंटे, आणि गर्दीच्या दिवसाचं नियोजन. प्रामाणिकपणा काढून टाकला. त्यासाठी आधीच्या मालकांकडे चौकशी करायचं ठरलं. प्रत्येक निकषाला प्रश्न ठरलेला, सगळ्यांना तोच आणि त्याच क्रमानं.

खरा जीव मात्र मार्कांच्या खुणांमध्ये असतो. ओलाव्याचा प्रश्न असा होता: "मीटर १३ दाखवतंय, नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे आणि शेतकरी म्हणतो मीटर खोटं आहे. काय कराल?" "नियम आहे, माल परत न्या" एवढंच उत्तर असेल तर १. त्याच नमुन्यावर पुन्हा मोजतो म्हटलं तर ३. वेगवेगळ्या पोत्यांतून नवा नमुना काढतो, शेतकऱ्यासमोर तीनदा मोजतो, दुसऱ्या मीटरशी ताडून पाहतो, नोंद करतो आणि माल वाळवून कधी आणायचा तेही सांगतो, असं उत्तर आलं तर ५. अशा खुणा आधी लिहिल्या नाहीत तर प्रत्येकाचा ४ वेगळा होतो. इतकंच काय, अगदीच कच्च्या उमेदवारानंतर आलेल्या साध्या उमेदवारालाही आपण नकळत ४ देऊन बसतो.

उत्तर संपलं की लगेच मार्क, तेही पेनानं. पेन्सिल चालत नाही, कारण निवड मनात पक्की झाली की हात मागचे आकडे दुरुस्त करायला जातो. तिघांनी कागद सही करून उलटे ठेवल्याशिवाय चर्चा करायची नाही. बेरीज साधी, कुणाच्या आवडीच्या निकषाला नंतर जास्त वजन नाही.

चुणचुणीत उमेदवाराची तिघांची सरासरी आली २, ३, ५, २. एकूण १२. त्याच्यानंतर आलेला, मान खाली घालून बसणारा, जिनिंगच्या काट्यावर चार हंगाम काढलेला मुलगा: ५, ४, २, ४. एकूण १५.

संचालक म्हणाले, "मग आमच्या अनुभवाला काय किंमतच नाही का?" आहे, फक्त तिची वेळ शेवटी येते. १९५५ च्या सुमारास विशीतल्या डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी इस्रायली सैन्यासाठी अशीच पद्धत बसवली होती. सहा निकष, प्रत्येकाचे वेगळे मार्क. मुलाखत घेणारे चिडले, 'आम्हाला यंत्र बनवताय' म्हणाले. तेव्हा कानेमन यांनी तडजोड केली: सहाही मार्क लिहून झाले की डोळे मिटा, तो जवान डोळ्यांसमोर आणा आणि एक अंदाजाचा मार्क द्या. पुढे पडताळणी झाली तेव्हा सहांची बेरीज जुन्या मुलाखतींपेक्षा बरीच सरस निघाली. आणि डोळे मिटून दिलेला मार्कही त्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला! तोच अंदाज पहिल्या मिनिटाला दिशाभूल करतो आणि सहा गोष्टी तपासून झाल्यावर कामाला येतो.

याचा अर्थ ही पद्धत भविष्य सांगते असा नाही. मुलाखतीचे मार्क आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा संबंध ० ते १ अशा मोजपट्टीवर मांडतात. २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा आखीव मुलाखतीचा आकडा सुमारे ०.४२ आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा सुमारे ०.१९ आला. म्हणजे आखीव मुलाखतही पुष्कळ वेळा चुकणारच. त्यामुळे हल्ली हस्ताक्षरावरून किंवा जन्मतारखेच्या अंकावरून 'अचूक' कर्मचारी निवडून देतो म्हणणारे जे फिरतात, त्यांना एकच विचारावं: तुमचा आकडा किती, आणि तो कुणी पडताळला? अशांना फी देणाऱ्या कंपन्या मराठवाड्यातही आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एखाद्या पोराची नोकरी त्याच्या जन्मतारखेवरून जावी, हा अन्याय आहे.

आम्ही काट्यावरच्या मुलालाच घेतलं. तंट्याच्या रकान्यातला २ मात्र तिघांच्याही कागदावर होता. म्हणून खरेदीचे पहिले पंधरा दिवस त्याच्या शेजारी खुर्ची टाकून तेच संचालक बसले. ओलावा तो मोजायचा आणि शेतकऱ्याशी हे बोलायचे.